चष्मा न लावता घालता येणारी कुडी

*“कोल्हापुरात माझा चांदीच्या दागिन्यांचा छोटा ब्रँड आहे. दोन कारागीर, मदतीला एक मुलगी आणि मी. विक्री सगळी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. मागच्या मातृदिनाला ‘आई म्हणजे त्याग, आई म्हणजे देव’ अशी पोस्ट टाकली, बदामाच्या आकाराचं पेंडंट ठेवलं आणि दहा टक्के सूट दिली. जेमतेम नऊ विकले गेले. त्यातच एका जुन्या ग्राहक ताईंचा मेसेज आला : ‘आई फेब्रुवारीत गेली, हे सारखं समोर येतं, नको वाटतं.’ माझे निम्मे ग्राहक पुणे, मुंबई, बंगळुरू, दुबई, अमेरिका इथे आहेत आणि त्यांच्या आया गावाकडे. यंदा तेच ते गुळगुळीत काही नको, आणि आईपासून दूर असलेल्यांनाही सामावून घ्यायचं आहे. परदेशातली लेक व्हिडिओ कॉलवर आईशी बोलताना डोळे पुसते, असं रील करायचं मनात आहे. हातात पंचवीस हजार रुपये आहेत. एखादी चांगली टॅगलाइन सुचवाल का?”*

ते रील आधी बाजूला ठेवा. मोबाइल कंपन्यांपासून मिठाईवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ती लेक इतकी रडवून झाली आहे की आता तीही गुळगुळीत झाली. शिवाय दुबईतल्या तुमच्या ग्राहकाला आपण आईपासून लांब आहोत हे कुणी सांगायची गरज नाही. ते बघून तिचे डोळे भरतील, अंगठा वर सरकेल आणि पुढचं रील सुरू होईल. रडू आलं म्हणून ऑर्डर येतेच असं नाही.

दूर राहणारा माणूस आईसाठी भेटवस्तू घेतो तेव्हा खरी अडचण होते ती माहितीची. घरी शेवटचं येणं गणपतीत झालेलं असतं. लेकीच्या डोक्यात जी आई असते ती दोन-चार वर्षांपूर्वीची, आणि ती त्या आईसाठी दागिना घेते. मधल्या काळात आईची बोटं दुखायला लागलेली असतात, त्यामुळे फिरकीच्या कुड्या घालणं तिने सोडून दिलेलं असतं. कानाचं भोक ओघळलेलं असतं, म्हणून जड झुमके डब्यात गेलेले असतात. बांगडीचं माप दोन-चारवरून दोन-सहावर गेलेलं असतं. यातलं काही ती फोनवर सांगत नाही, कारण ही काय सांगायची गोष्ट आहे! मग पार्सल येतं, आई म्हणते “छान आहे गं, कशाला एवढा खर्च केलास”, आणि दागिना कपाटात जातो. लेकीला वाटतं आवडला. पुढच्या वर्षी ती साडी पाठवते, आणि ती गिऱ्हाईक म्हणून परत का आली नाही हे तुम्हाला कधी कळत नाही.

तर तुमच्या मोहिमेचं काम एवढंच धरा : लांबच्या मुलाला आत्ताच्या आईची माहिती मिळवून द्यायची आणि त्या माहितीला जुळणारा दागिना तिच्या हातात पोहोचवायचा. ज्याच्याकडे कारागीर आहे आणि जो ग्राहकाशी थेट बोलतो, त्यालाच हे जमतं, आणि तुमच्याकडे दोन्ही आहे. मोठ्या पेढीला एकेका आईच्या कानाची चौकशी करत बसणं परवडणार नाही.

सुरुवात दागिन्यांच्या फोटोंनी करू नका, प्रश्नांनी करा. पहिल्या आठवड्यात एकच पोस्ट : “या रविवारी फोन कराल तेव्हा आईला एवढं विचारा.” रोज काय घालतेस? काय घालायचं सोडलंस आणि का? कुठला दागिना काढता-घालताना त्रास होतो? तुझं स्वतःच्या पैशाने घेतलेलं काही आहे का? चार प्रश्न पुरे. शेवटचा प्रश्न विक्रीच्या उपयोगाचा नाही, पण तो काढू नका. बहुतेक घरांत त्याचं उत्तर मुलांना माहीत नसतं आणि त्यावरून फोन अर्धा तास लांबतो. उत्तरं तुमच्याकडे पाठवायला सांगा. ज्यांना वेळ नाही त्यांना तुम्ही दोन गोष्टी सुचवायच्या, ज्यांना नुसतंच विचारायचं होतं त्यांनी विचारलं, बिघडलं काही नाही.

त्या उत्तरांतून काय येईल याचा अंदाज तुमच्या कारागिरांना आजच असेल. साठीच्या बायकांची तक्रार डिझाइनबद्दल क्वचित असते, ती बहुधा फिरकीबद्दल असते. मळसूत्राची बारीक फिरकी पकडायला बोटांत जोर लागतो आणि बघायला चष्मा लागतो. चष्मा घातला की त्याची दांडी कानावर येते, मग कानाचं भोक सापडत नाही. हाती आलेली फिरकी पलंगाखाली जाते ती वेगळीच. म्हणून तुमची आहे तीच मोत्यांची कुडी मागून अडकवायच्या हूकवर बसवून बघा. मग ओळ शोधावी लागणार नाही. “चष्मा न लावता घालता येईल अशी कुडी” एवढं लिहिलं तरी चाळिशीच्या पुढची प्रत्येक बाई थांबेल आणि तिच्या मुलालाही आपली आई दिसेल. टॅगलाइन म्हणून मी हीच देईन. मात्र लिहिण्याआधी तीन-चार मावश्यांना चष्मा काढून खरोखर घालायला लावा. हूक फार मऊ असेल तर पदरात अडकून उघडतो. फार कडक असेल तर दुखऱ्या बोटांना फिरकीपेक्षा जास्त छळतो. ही परीक्षा पास झाली नाही तर ओळ वापरू नका.

कानातल्यांच्या प्रत्येक फोटोखाली एका कानाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. भोक ओघळलेल्या बाईला तेवढंच कळून घ्यायचं असतं. तुमच्याकडे वेल असतील तर ते जोडीला ठेवा. वेलाने वजन कानाच्या पाळीवरून केसांवर जातं, आणि ज्यांनी झुमके सोडलेत त्यांना ते पुन्हा घालता येतात.

बांगड्या आणि कडी यांचं माप हा दूरवाल्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. दोन-सहा ६० मिलिमीटर, दोन-आठ ६३ मिलिमीटरच्या थोडं वर. एका मापात फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यामुळे “आईचा हात माझ्याएवढाच आहे” या अंदाजावर अखंड बांगडी कधीच देऊ नका. त्याऐवजी घरात जो असेल, बाबा, काकू, शेजारची मुलगी, त्याच्याकडून माप मागवा. आईची रोज वापरातली बांगडी कोऱ्या कागदावर ठेवायची, आतल्या बाजूने पेन्सिल फिरवायची, बांगडी उचलायची, त्या वर्तुळाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं आणि मोबाइल बरोबर वर धरून फोटो काढायचा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. फोटोतलं वर्तुळ नाण्याच्या २.१ पट भरलं तर दोन-चार, २.२ पटीच्या थोडं वर भरलं तर दोन-सहा, २.३५ पट भरलं तर दोन-आठ. बांगडी कागदावर तशीच ठेवून फोटो काढला तर तिच्या जाडीमुळे माप फसतं, म्हणून ती उचलायला आवर्जून सांगा. मोबाइल तिरका धरला तर वर्तुळ अंड्यासारखं लांबट दिसतं, तो फोटो परत मागवा. आणि माप दोन्हींच्या मधलं आलं तर मोठं द्या, कारण अखंड बांगडी मनगटाला बसली तरी आधी अंगठ्याच्या हाडावरून उतरावी लागते, आणि दुखतं तिथेच.

ज्यांच्या घरी माप घेणारं कुणीच नाही त्यांच्यासाठी उघडं कडं ठेवा, हुपरीहून आणा किंवा तुमच्याकडेच करा. ते थोडं दाबून किंवा उघडून बसतं. पण चिठ्ठीत स्पष्ट लिहा की एकदा बसवल्यावर रोज वाकवू नये, कारण चांदी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते आणि शेवटी तडकते. ते बाजूने, तिरकं सरकवून घालायचं असतं. अंगठी मात्र या मोहिमेत नको. तिचं माप चोरून घेता येत नाही.

आता गुळगुळीतपणाबद्दल. तुम्हाला वाटतं तो ‘त्याग’ आणि ‘देव’ या शब्दांत आहे. माझ्या मते तो त्याच्या आधी, आईला स्वतःची आवडनिवड नाही असं धरून चालण्यात आहे. देवाला काय विचारायचं, जे वाहू ते तो घेतो. तुम्ही शब्द बदलून “आई, माझी पहिली मैत्रीण” केलंत तरी बदामाचं पेंडंट तसंच राहील. म्हणून फोटोपासून बदला. पंचविशीतल्या मॉडेलच्या गळ्यात आईची भेट दाखवू नका. ओळखीतल्या तीन बायका घ्या, साठीच्या आसपासच्या, त्यांना रीतसर मानधन द्या, त्यांच्या रोजच्या कपड्यांत फोटो काढा, हातावरच्या शिरा आणि गळ्याच्या वळ्या पुसू नका. फोटोखाली त्या स्वतः दागिन्याबद्दल जे बोलतील ते लिहा. एखादी म्हणेल, “हे कणीक मळताना काढावं लागत नाही.” दुसरी म्हणेल, “मला चकचकीत आवडत नाही, थोडी काळी पडलेली चांदी आवडते.” अशी वाक्यं तुम्हाला आणि मला टेबलाशी बसून सुचणार नाहीत.

या फोटोंत आणखी एक गोष्ट बघा. तुमच्या ग्राहकांच्या आयांपैकी कित्येक एकट्या असतील, वडील गेलेले असतील. मातृदिनाच्या संचात जोडवी, मंगळसूत्र, काळे मणी ठेवले किंवा ओळीत ‘सौभाग्याचं लेणं’ आलं, की त्या मुलांना तुम्ही न बोलता बाहेर काढलंत. तुमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुम्ही यावर भाषण करू नका, पोस्टही नको. फक्त हा संच असा निवडा की कुठल्याही बाईला तो घालताना नवऱ्याचा हिशोब द्यावा लागणार नाही. कुडी, वेल, कडं, साधी मण्यांची माळ एवढ्यात सगळं बसतं. आणि “आता मला कशाला हे” असं म्हणणारी आई असेल तर तिला काय आवडत होतं ते चौथ्या प्रश्नातून लेकीला कळलेलंच असेल.

त्या ताईंच्या मेसेजकडे येते. तुम्ही ‘दूर असलेले’ म्हणताना त्यांनाही त्यातच धरलंय असं पत्रावरून वाटलं. धरू नका. बंगळुरूला असलेल्याला पार्सल पाठवायचं आहे. ज्याची आई गेली त्याला पार्सल कुठे पाठवायचं हाच प्रश्न आहे. दोघांना एकाच ओलसर ओळीत बसवलं की एकाला ती पोकळ वाटते आणि दुसऱ्याला ती टोचते. गंमत अशी की आज मेच्या दुसऱ्या रविवारी जो दिवस आपण पाळतो तो सुरू केला आई गमावलेल्या एका मुलीनेच. अ‍ॅना जार्विसची आई १९०५ मध्ये वारली. १९०८ मध्ये तिने अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आईच्या आठवणीसाठी प्रार्थना ठेवली आणि वाटायला पांढरी कार्नेशन फुलं पाठवली. १९१४ मध्ये तो सरकारी दिवस झाला, फुलवाले आणि शुभेच्छापत्रवाले तुटून पडले, आणि उरलेलं आयुष्य अ‍ॅना त्यांच्याशी भांडत राहिली. (आपण दोघी तिला फारशा आवडलो नसतो.)

तर आई नसलेल्यांसाठी दोन गोष्टी करा. पहिली, त्यांना मोहिमेतून बाहेर पडायचा सोपा रस्ता द्या. २०१९ मध्ये ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटिश फुलविक्या कंपनीने ग्राहकांना आधीच विचारलं की मातृदिनाचे मेल नको आहेत का. जवळपास १८,००० लोकांनी नको म्हणून कळवलं आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी आभारही मानले. त्यांचं सगळं मेलवर चालतं, तुमचं व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणून तुम्हाला हे हाताने करावं लागेल. मोहिमेच्या दहा दिवस आधी एकच मेसेज : “पुढचे काही आठवडे आम्ही मातृदिनाच्या दागिन्यांबद्दल लिहिणार आहोत. तुम्हाला ते मेसेज नको असतील तर फक्त ‘नको’ लिहा. कारण सांगायची गरज नाही. बाकीचे मेसेज नेहमीसारखे येतील.” फोटो नाही, सूट नाही, हार नाही, इमोजी नाही. मुळात हा मेसेजही आठवण करून देतोच, म्हणून तो एकदाच आणि कोरडा असावा.

‘नको’ आलं की व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये त्या नंबरला लेबल लावा आणि मोहिमेची ब्रॉडकास्ट यादी त्यांना वगळून नवी करा. इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करणार असाल तर हेच नंबर जाहिरातीच्या ऑडियन्समधून वगळायला टाका. तुमच्या साध्या पोस्ट मात्र त्यांना दिसतीलच, ते तुमच्या हातात नाही. चूक हमखास होते ती शेवटच्या दिवशी, “उद्या मातृदिन, शेवटची संधी!” हा मेसेज घाईत जुन्या यादीवर जातो तेव्हा. म्हणून जुनी यादी महिन्याभरासाठी पुसूनच टाका. आणि किती जणांनी ‘नको’ म्हटलं त्याचे स्क्रीनशॉट स्टोरीवर लावू नका. ज्याने कारण न सांगता नको म्हटलं त्याला तुमची जाहिरात व्हायचं नाही.

दुसरी गोष्ट विकण्याची नाही, दुरुस्तीची आहे. आई गेल्यावर घरात तिची तुटकी माळ, एकच कुडी, झिजलेल्या फाशाची साखळी अशा वस्तू राहतात. त्या ना घालता येतात, ना मोडवतात. “आईचं जुनं आहे ते घालण्याजोगं करून देतो” एवढी एक सेवा ठेवा. तुटलेला दोरा बदलून माळ पुन्हा ओवणं आणि गाठवणं, नवा गोंडा, हरवलेली फिरकी, नवा फासा. हरवलेल्या कुडीची जोडी करणं जमेल तर ठीक, पण नवी आणि जुनी यांत फरक दिसणारच, ते आधी सांगा. मेसेज टाकलेल्या त्या ताईंना मात्र ही सेवा घेऊन तुम्ही होऊन जाऊ नका. यादीतल्या सगळ्यांना दिसेल अशी, मातृदिनाचं नाव न घेता ती वर्षभर ठेवा. त्यांना हवी असेल तेव्हा त्या येतील.

या कामात जोखीम आहे म्हणून नियम कडक ठेवा. वस्तू ग्राहकासमोर तोला, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन आणि मण्यांची संख्या लिहून पावती द्या. कुरिअरने आलेली जुनी वस्तू पहिल्या वर्षी घेऊच नका, फक्त हातोहात घ्या. लेखी होकाराशिवाय काहीही वितळवायचं नाही. आणि कारागिराला बजावा की जुन्या सोन्याच्या बोरमाळेला आच दाखवायची नाही. त्या मण्यांत बहुधा लाख भरलेली असते. डाग द्यायला ज्योत लागली की लाख बाहेर येते, मणी चेपतो, आणि तो मणी परत कुठे मिळायचा? तुमचा व्यवसाय चांदीचा आहे. सोन्याचं काम फक्त ओवण्यापुरतं घ्या.

ज्यांचं आईशी पटत नाही, ज्यांना आजीने किंवा मावशीने वाढवलं, ज्यांना सासूसाठी घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी वेगळे गट करू नका. ऑर्डर घेताना ‘कोणासाठी?’ ही जागा मोकळी ठेवा, तिथे आधीच ‘आई’ छापू नका. कार्डही कोरं ठेवा, त्यावर तुमची कविता नको. “आजच आईला मिठी मारा” ही ओळ कुठेही नको.

पोहोचवण्याची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपीही आहे आणि अवघडही. सोपी अशी की पैसे दुबईतून येतात पण दागिना सांगलीला किंवा गडहिंग्लजला जातो, त्यामुळे परदेशी कस्टम, कर यात तुम्ही पडतच नाही. फक्त पेमेंट गेटवेवर परदेशी कार्ड चालू करून घ्या, ते बहुधा वेगळी परवानगी मागून करावं लागतं. ज्यांचं एनआरई किंवा एनआरओ खातं आहे ते अमेरिका, ब्रिटन, अमिरातीसारख्या देशांतल्या नंबरवरूनही यूपीआय वापरू शकतात, बँकेने ती सोय दिली असेल तर. उलटी परिस्थितीही असते : आई नातवाला सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीत आणि मुलगी इथे. त्या ऑर्डरी यंदा घेऊ नका. आई परत आल्यावर देऊ, असं सांगा.

अवघड ते इथे आहे. मे महिन्यात आई घरी असतेच असं नाही. सुट्टी, लग्नसराई, तिचं स्वतःचं माहेर. म्हणून पत्ता विचारताना “त्या आठवड्यात आई कुठे असेल?” असं विचारा. आणि अचानक आलेलं पार्सल हल्ली आया घेत नाहीत! मुलांनीच त्यांना बजावलेलं असतं : न मागवलेलं काही घेऊ नकोस, कुणाला ओटीपी सांगू नकोस. त्या शहाण्यासारखं पार्सल परत पाठवतात आणि दोन्हीकडच्या कुरिअरचा भुर्दंड तुम्हाला. त्यामुळे पूर्ण गुपित ठेवायचा मोह टाळा. निघण्याच्या दिवशी मुलाला कळवा आणि त्याने आईला एवढंच सांगावं : “माझ्या नावाने एक खोकं येईल, पैसे द्यायचे नाहीत.” आत काय आहे ते गुपितच राहतं. खोक्यावर पाठवणाऱ्या मुलाचं नाव ठळक घाला. बिल बाहेरच्या पाकिटात जाऊ दे, भेटीच्या डबीत किंमत नको. कुरिअर कंपनी चांदी घेते का आणि हरवल्यास किती भरपाई देते, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. काही कंपन्या दागिने घेतच नाहीत, आणि ते आपल्याला पार्सल हरवल्यावर कळतं.

एक बारीक गोष्ट : पोस्टमध्ये नुसतं ‘मातृदिन’ लिहू नका, तारीख लिहा. ब्रिटनमध्ये तो ईस्टरच्या तीन आठवडे आधी, बहुधा मार्चमध्ये येतो. अमिरातीत २१ मार्चला. तिथल्या मुलांना वाटतं की तो होऊन गेला. ऑर्डरची शेवटची वेळही ‘भारतातली रात्र आठ’ अशी लिहा. तुमची रात्र होते तेव्हा कॅलिफोर्नियातला माणूस नुकता उठतोय.

आता कारागिरांचा हिशोब. समजा दोघे मिळून दिवसाला चार नग करतात. आठवड्याचे सहा दिवस धरून चार आठवड्यांत ९६. लग्नसराईच्या ऑर्डरी तुम्हाला निम्मे हात खाणार, म्हणून मातृदिनासाठी पन्नासच नग जाहीर करा आणि तिथे थांबा. तीस जोड कुड्या प्रत्येकी सहा ग्रॅम, वीस कडी प्रत्येकी पंचवीस ग्रॅम, म्हणजे ६८० ग्रॅम चांदी आणि वर घट. ही चांदी किंमत जाहीर करण्याआधी घेऊन ठेवा, नाहीतर मध्येच भाव चढला तर प्रत्येक ऑर्डर तुम्ही खिशातून भराल. सूट देऊ नका. त्याऐवजी एक मापबदल फुकट द्या.

पंचवीस हजार मी असे घालीन : तीन बायकांचं मानधन साडेचार हजार, अर्ध्या दिवसाचा फोटोग्राफर सहा हजार, पन्नास डब्या, हवाबंद पाकिटं आणि कोरी कार्डं चोवीसशे, दोन-तीन गावांना चाचणीची पार्सलं हजार, जाहिरात सहा हजार. उरलेले पाच हजार शंभर मापबदलासाठी आणि परत आलेल्या पार्सलांसाठी राखून ठेवा, त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. चाचणीची पार्सलं मात्र चुकवू नका. एखाद्या ओळखीच्या मावशीला न सांगता पाठवा आणि ती घेते का बघा.

मातृदिनाच्या सहा आठवडे आधी हूकची परीक्षा आणि फोटो, पाच आठवडे आधी ‘नको’वाला मेसेज, साडेतीन आठवडे आधी प्रश्नांची पोस्ट, मग ऑर्डरी. माप लागणाऱ्या कड्यांची ऑर्डर दोन आठवडे आधी बंद, कुड्यांची आठ दिवस आधी. प्रश्नांची उत्तरं ऑर्डरीपेक्षा कमी आली तर समजा की लोक अजून अंदाजानेच घेत आहेत, आणि मापबदलाच्या पैशांना लवकर हात लागणार. दुरुस्तीला आलेल्या माळांना मेची तारीख कबूल करू नका, जूनची द्या. आणि नग उरले तर घाईने स्वस्तात काढू नका. आपल्याकडचा मातृदिन श्रावणात, पिठोरी अमावस्येला आहे. “अतिथी कोण?” विचारणाऱ्या आयांच्या घरी तेव्हाही कुडी चालेल, आणि तोवर मेमधल्या मापांची यादी तुमच्याकडे तयार असेल.